नव्वद आणि पन्नासच्या मधोमध बासष्ट कसं?

«ताई, मी पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्थशास्त्राच्या पेपरात मला इंटर्नलला ९० टक्के आणि एंड-सेमला ५० टक्के पडले, पण एकूण निकाल ६२. बाबांचं सासवडला किराणा दुकान आहे, हिशेबाला पक्के. ते म्हणतात, नव्वद आणि पन्नासची सरासरी सत्तर, कॉलेजनं तुझे आठ गुण खाल्ले, मी येऊन भांडतो. वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात, "वेटेज असतं गं," पण म्हणजे काय ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. एंड-सेमच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची मुदत शुक्रवारी संपते. बाबांना येऊ देऊ, अर्ज भरू, की पुढच्या सेमला इंटर्नलवरच जोर देऊ? इंटर्नल मला चांगलं जमतं.»
— एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

बाबांना आधी थांबव. त्यांचा हिशेब चुकलेला नाही, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचा आहे. दोन परीक्षांना सारखाच मान असता तर सत्तर बरोबर होतं. तुझ्या पेपरात इंटर्नल तीस गुणांचं आणि एंड-सेम सत्तर गुणांची असणार, कारण त्याशिवाय बासष्ट येत नाही. नव्वद टक्के म्हणजे तीसपैकी २७, पन्नास टक्के म्हणजे सत्तरपैकी ३५. आता बेरीज कर. बासष्ट. कुणी काही खाल्लेलं नाही.

तुझ्या पोर्टलवर टक्के दाखवतात, तिथेच सगळा घोळ झालाय. "तीसपैकी" आणि "सत्तरपैकी" हे शब्द टक्के करताना गळून पडतात आणि दोन्ही परीक्षा एकाच उंचीच्या दिसायला लागतात. तो "पैकी"च खरं तर भार असतो, ज्याला तुझ्या मैत्रिणी वेटेज म्हणतात.

एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं. पण मी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलंय आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. बेरीज पटते, उत्तर पटतं, पण "बासष्टच का, सहासष्ट का नाही?" हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पुढच्या सेमला तोच प्रश्न परत येतो. त्यासाठी सीसॉ बघायचा.

एक लांब फळी घे, मनातल्या मनात. तिच्यावर पट्टीसारखे आकडे लिहिलेत, डावीकडून उजवीकडे ० ते १००. पन्नासच्या खुणेवर ७० किलोचा माणूस बसव आणि नव्वदच्या खुणेवर ३० किलोची मुलगी. फळी स्वतः वजनरहित समज. आता टेकू कुठे ठेवला की फळी आडवी राहील? मधोमध, म्हणजे सत्तरवर ठेवलास तर माणसाची बाजू धाडकन खाली जाईल आणि मुलगी हवेत. ते टाळायचं तर टेकू माणसाकडे सरकवावा लागतो. तो सरकत सरकत ६२ वर आला की फळी थांबते. टेकूपासून माणूस १२ घरं लांब आहे आणि मुलगी २८ घरं. सत्तर गुणिले बारा ८४०, तीस गुणिले अठ्ठावीस ८४०. शाळेत तरफेच्या धड्यात भार आणि अंतराचा गुणाकार केला होतास, तोच हा.

पन्नास आणि नव्वदमधलं अंतर चाळीस. टेकू त्याचे दोन तुकडे करतो, १२ आणि २८. त्यांचं प्रमाण ३ : ७. भारांचं प्रमाण आहे ७ : ३. म्हणजे उलटं झालं. जड बाजूच्या वाट्याला छोटं अंतर येतं, हलक्या बाजूच्या वाट्याला मोठं. भारित सरासरी जड गुणांकडे "ओढली जाते" असं आपण म्हणतो ते एवढंच. टेकूला जड माणसाजवळ जाऊन उभं राहावं लागतं, नाहीतर तोल राहत नाही.

इथे एक गोंधळ हमखास होतो. सीसॉ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते खाली-वर. एका वर्षी परीक्षेत मी हेच चित्र काढायला सांगितलं तर एका मुलानं जड बाजू खाली दाखवून शेजारी लिहिलं, "जड भारामुळे गुण कमी होतात." चित्र सुंदर होतं, निष्कर्ष साफ चुकीचा. फळी खाली जाणं याचा गुण कमी होण्याशी संबंध नाही. गुण फळीच्या लांबीवर मांडलेत, उंचीवर नव्हेत. आपल्याला फळी कुठे झुकते ते बघायचंच नाही, ती झुकू नये म्हणून टेकू कुठे नेला ते बघायचं. आणि बागेतल्या खऱ्या सीसॉवर टेकू जमिनीत पक्का रोवलेला असतो, म्हणून तिथे नातवंडासमोर आजोबाच पुढे सरकून बसतात. आपल्या फळीवर उलट आहे. माणसं आपापल्या गुणांवर पक्की बसलेली, टेकू तेवढा हलतो.

याची दुसरी बाजू बाबांना जरूर सांग. समज तुझे गुण उलटे पडले असते, इंटर्नलला ५० आणि एंड-सेमला ९०. मग जड माणूस नव्वदवर बसला असता आणि टेकू ७८ वर गेला असता. साध्या सरासरीपेक्षा आठ जास्त! त्या दिवशी सासवडहून कुणी भांडायला आलं असतं का? नियम तोच असता, फक्त जड माणूस वरच्या टोकाला बसला असता.

बाबांना मात्र सीसॉ दाखवू नकोस, त्यांना तांदूळ दाखव. पन्नास रुपये किलोचा सात किलो कोलम आणि नव्वद रुपये किलोचा तीन किलो आंबेमोहोर एकत्र केला (ते असं करत नाहीत हे मी धरून चालते), तर मिश्रण किलोला कितीला पडलं? दहा किलोचे ६२० रुपये, म्हणजे बासष्ट रुपये किलो. सत्तर म्हणणारा दुकानदार दर किलोला आठ रुपयांची चूक करेल आणि ती चूक त्यांना लगेच कळेल. तुझ्या गुणांत आकडे तेच आहेत, किलोच्या जागी भार आहे.

हाताने करून बघायचं असेल तर खराट्याचे तीन-चार हीर घेऊन दोऱ्यानं एकत्र बांध, म्हणजे एक कडक काडी होते. तिच्यावर चाळीस सेंटीमीटर अंतरानं दोन खुणा कर. डावी खूण पन्नास, उजवी नव्वद, एक सेंटीमीटर म्हणजे एक टक्का. कपड्यांचे दहा सारखे चिमटे घे. सात डाव्या खुणेला आणि तीन उजवीला लावायचे, पण शेजारी शेजारी नाही. पहिला चिमटा काडीला, दुसरा पहिल्याच्या शेपटीला, तिसरा दुसऱ्याच्या, अशी माळ खाली सोडायची, म्हणजे सगळं वजन त्या एका खुणेवरच पडतं. मग काडीला दोऱ्याचा फास अडकवून वर धर आणि तोल साधेपर्यंत सरकवत राहा. फास डाव्या खुणेपासून बारा सेंटीमीटरच्या आसपास थांबेल.

नेमका बारावर नाही थांबायचा. मी केला तेव्हा अर्धा-पाऊण सेंटीमीटर मध्याकडे सरकला होता आणि मी आधी चिमटेच बदलून पाहिले. दोष चिमट्यांचा नव्हता. काडीला स्वतःचं वजन आहे आणि ते तिच्या मध्यावर, म्हणजे आपल्या सत्तरच्या जागी काम करतं. काडी गुपचूप तिसरा पेपर होऊन बसते, हलकासा, सत्तर टक्के मिळवलेला. फूटपट्टीनं आणि नाण्यांनी हाच प्रयोग केलास तर पट्टीच नाण्यांच्या तोडीची जड असल्यामुळे टेकू मध्याकडे आणखी ओढला जातो आणि वाटतं नियमच खोटा.

आता तुझे तीन पर्याय. कॉलेजशी भांडायचा प्रश्न मिटला. छायाप्रतीचा अर्ज मात्र वेगळी बाब आहे, तो सरासरीवर नसून एंड-सेमच्या तपासणीवर आहे. तुझ्या मनात सत्तर असेल तर एंड-सेमला ३५ चे ४३ व्हायला हवेत, म्हणजे आठ गुण हवेत. एवढे गुण नुसत्या "सर जरा कडक तपासतात" यातून निघणं कठीण. एखादं अख्खं उत्तर तपासायचं राहिलं असेल, पुरवणीकडे लक्ष गेलं नसेल किंवा पहिल्या पानावरची बेरीज चुकली असेल तर निघतात. छायाप्रत हातात आल्यावर आधी हेच बघ, उत्तरांच्या दर्जावर वाद घालण्याआधी. मिळालेल्या गुणांपेक्षा पेपर खूप चांगला गेला होता असं प्रामाणिकपणे वाटत असेल तर अर्ज भर. नुसती सरासरी पटली नाही म्हणून भरत असशील तर ते पैसे मेसला दे.

तिसरा पर्याय, पुढच्या सेमला इंटर्नलवर जोर. हा मला सगळ्यात काळजीचा वाटला. तुझं म्हणणं समजतं, जे जमतं त्यात आणखी वर जावं. पण सीसॉवर काय होतं ते बघ. तीस किलोची मुलगी दहा घरं सरकली, नव्वदवरून शंभरवर, तर टेकू फक्त तीन घरं सरकतो. सत्तर किलोचा माणूस दहा घरं सरकला, पन्नासवरून साठवर, तर टेकू सात घरं सरकतो. शिवाय मुलगी फळीच्या टोकाला पोचलीच आहे, तिच्यापुढे जागा उरलीय दहा घरांचीच. माणसापुढे पन्नास घरं मोकळी आहेत. इंटर्नलमधून तुला जास्तीत जास्त तीन गुण आणखी मिळू शकतात, तेही कुणी पूर्ण तीस दिले तर.

म्हणून इंटर्नल सोडून दे असं मात्र मी म्हणत नाही. हलकी मुलगी लांब बसली की तिचाही जोर चालतो. ती नव्वदवरून चाळीसवर आली तर टेकू पंधरा घरं मागे येतो, ६२ चे ४७ होतात. "तीसच तर गुण आहेत" म्हणून इंटर्नलला दांडी मारणारी मुलं इथेच फसतात. इंटर्नल नव्वदवर धरून ठेव आणि वाढवायचं ते एंड-सेम वाढव.

किती वाढवायचं? इथे सीसॉ फार कामाचा, कारण तो उलटाही चालतो. टेकू सत्तरवर हवा असं ठरव. मुलगी नव्वदवर, म्हणजे टेकूपासून वीस घरं. तीन गुणिले वीस साठ. पलीकडे साताचा भार आहे, तर साठ भागिले सात, साधारण साडेआठ घरं. सत्तरमधून साडेआठ गेले, साडेएकसष्ट. एंड-सेमला सुमारे साडेएकसष्ट टक्के, म्हणजे सत्तरपैकी ४३ मिळाले की सत्तर. हॉस्टेलवर मुली सर्रास म्हणतात, एकूण सत्तर हवे तर एंड-सेमला सत्तर टक्के मिळवायलाच लागतात. तुझं इंटर्नल भक्कम आहे, तुला तेवढे लागत नाहीत.

हेच पत्र दुसऱ्या कोर्सची मुलंही वाचणार म्हणून त्यांच्या कामाचं थोडं सांगते. परीक्षा दोनऐवजी तीन असल्या तरी फळी तीच. असाइनमेंटला २० भार आणि ९५ टक्के, मिड-सेमला ३० आणि ६०, एंड-सेमला ५० आणि ७०, तर टेकू ७२ वर. उजवीकडे एकटी असाइनमेंट, २३ घरं लांब, वीस गुणिले तेवीस ४६०. डावीकडे मिड-सेम बारा घरं, ३६०, आणि एंड-सेम दोन घरं, १००. मिळून ४६०. बघा, सगळ्यात जड परीक्षा टेकूला जवळजवळ चिकटून बसली आहे.

याच कोर्समध्ये एंड-सेम अजून व्हायची असताना मुलं एक चूक करतात. असाइनमेंटचे १९ अधिक मिड-सेमचे १८ म्हणजे ३७ झाले, आणि "मी सदतीसवर आहे" म्हणून रात्रभर रडतात. फळीवर अजून पन्नास किलोच बसलेत, तर भागायचं पन्नासनं. ३७ भागिले ५० म्हणजे ७४ टक्के. तो तिसरा माणूस आलेलाच नाही, त्याला शून्यावर बसवू नका.

उत्तर चुकलंय हे ओळखायची सोपी खूण अशी, की टेकू नेहमी सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त गुणांच्या मध्येच असतो. एका विद्यार्थ्यानं तुझ्यासारख्याच गुणांवरून २७ ला ०.३ नं आणि ३५ ला ०.७ नं गुणून ३२.६ काढले होते. पन्नास आणि नव्वदच्या मध्ये ३२.६ कसे असतील? तीसपैकी २७ म्हटलं तेव्हाच भार लागून झाला होता, त्यानं तो दुसऱ्यांदा लावला. टक्के घेतले तर भारानं गुणायचं, "पैकी" गुण घेतले तर नुसती बेरीज. दोन्ही एकदम नाही.

एसजीपीएला हेच, तिथे भार म्हणजे क्रेडिट. चार क्रेडिटच्या विषयात ६ आणि दोन क्रेडिटच्या विषयात ९ ग्रेड पॉइंट असतील तर साडेसात नाही, सात येतात.

एक गोष्ट मात्र सीसॉ दाखवत नाही, आणि ती महागात पडते. अनेक अभ्यासक्रमांत इंटर्नल आणि एंड-सेम दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. इंटर्नलला २७ आणि एंड-सेमला २० असतील तर बेरीज ४७ दिसते, फळी छान आडवी, पण सत्तरपैकी २० म्हणजे २९ टक्क्यांच्याही खाली, आणि एंड-सेमला किमान चाळीस टक्क्यांची अट असेल तर विषय गेला. तुझे ३५ आहेत, तुला सध्या ही भीती नाही. तरी आपल्या अभ्यासक्रमाच्या नियमावलीत भारांच्या तक्त्याखालची ती ओळ एकदा वाचून ठेव, मुलं बहुधा तक्त्यापाशीच थांबतात.

तर आज रात्री एंड-सेमची प्रश्नपत्रिका काढ, प्रत्येक प्रश्नासमोर स्वतःला मनातले गुण दे आणि बेरीज कर. चाळीसच्या पुढे गेली तर उद्या सकाळीच छायाप्रतीचा अर्ज भर, शुक्रवारची वाट बघू नकोस, शेवटच्या दिवशी ती साइट उघडत नाही. पस्तीसच्या जवळपास आली तर राहू दे. आणि बाबांना फोन करशील तेव्हा सुरुवात आंबेमोहोरनं कर, कॉलेजचं नाव नंतर काढ.